खाली काहीच न लिहिलेला नकाशा

रिटायर झालेला भूकरमापक म्हणजे फुकटचा नकाशेवाला, असं लोकांना वाटतं. भूमी अभिलेखच्या नोकरीत माझी सगळी हयात दुसऱ्यांच्या शेतात उभं राहून गेली. आधी साखळी ओढली, मग मोजणीचं टेबल मांडलं, शेवटी शेवटी तिपाईवरच्या मशीनला डोळा लावला. दोन भावांच्या शेतामधला धुरा, म्हणजे तुमचा बांध, खरा कुठून जातो ते सांगायचं आणि दोघांच्याही शिव्या खायच्या, हे माझं काम. आता यवतमाळात घरी निवांत बसावं म्हटलं, तर फोनवर नकाशे येतात.

बरं, येतात ते कसे? नमस्कार नाही, चमत्कार नाही. फोनमधला नकाशा उघडतात, त्याचा स्क्रीनशॉट काढतात आणि देतात पाठवून. खाली एक अक्षर नाही. अरे बाबा, काय विचारायचं आहे ते तर लिही! नकाशा काय दवाखान्याचा रिपोर्ट आहे, की नुसता समोर धरला आणि डॉक्टरनं ओळखलं?

पण मी ओळखायचो. खोटं कशाला बोलू, त्याचा मला माज होता. माणूस नकाशा पाठवतो तेव्हा त्याला एक तर रस्ता पाहिजे असतो, नाही तर अंतर, नाही तर हा भाग कोणता ते नाव, नाही तर त्यावरच्या एखाद्या खुणेचा अर्थ. यातलं काय, ते नकाशावरून कमी आणि पाठवणाऱ्यावरून जास्त कळतं. शेजारच्या ट्रकवाल्यानं पांढरकवड्याच्या पुढचा हायवे पाठवला, तर त्याला कोणत्या फाट्यानं आत वळायचं ते हवं आहे. माझ्या मुलीच्या सासूबाईंनी एखादं खेडं पाठवलं, तर त्यांच्या पुतणीला तिकडचं स्थळ आलं आहे आणि सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येईल का, एवढाच प्रश्न आहे. गल्लीतली स्पर्धा परीक्षावाली पोरगी पाठवते तेव्हा तुटक रेषा म्हणजे काय ते सांगायचं. मी फटकन उत्तर द्यायचो. "तुम्हाला काय पाहिजे?" असं उलट विचारणं मला कमीपणाचं वाटायचं.

माझी बायको म्हणायची, "विचारलं तर काय तोंड झिजते का तुमचं?"

मी म्हणायचो, "तुले काय समजते त्यातलं?"

हे सगळं आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं माझ्या हातून कसं झालं ते नीट कळेल.

मला एकच बहीण. माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठी. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात, तशी मीही तिला बाईच म्हणतो, आणि ती मला बापू. तिला दिलं फुलसावंगीला. आमचं गाव मारेगावच्या अलीकडे. म्हणजे जिल्ह्याच्या एका टोकाला माहेर आणि दुसऱ्या टोकाला सासर, मधे दीडशेच्या वर किलोमीटर. दोन एसट्या बदलायच्या, मग फाट्यावरून चालत यायचं. त्यामुळे ती सणावारालाच यायची आणि आई-वडील गेल्यावर तर तेही राहिलं नाही. दाजी जाऊनही बरीच वर्षं झाली. ती आता मुलाजवळ असते. मुलगा कृषी केंद्र चालवतो, सून शिकलेली आहे, घर चांगलं आहे.

वडील गेल्यावर गावचं शेत माझ्या एकट्याच्या नावानं झालं. ते कसं झालं, हे इथं सगळ्यांना माहीत असतं. बहिणीला एक दिवस गाडीत बसवून रजिस्ट्रारच्या ऑफिसात न्यायचं, हक्कसोडपत्रावर तिची सही घ्यायची, परत येताना दुकानात नेऊन चांगलं लुगडं घ्यायचं. घरोघरी हेच. बाईनंही सही केली. कागद वाचायला मागितला नाही. फक्त एवढंच म्हणाली, "मी कधी आली तर शेतात जाऊ देशीन न रे?" मी हसलो. म्हटलं, "वेडी आहेस का तू?"

तर त्या उन्हाळ्यात मी ते शेत विकायला काढलं होतं. गावात कोणी राहिलं नव्हतं, ठेक्यानं देऊन देऊन कंटाळलो होतो, आणि बाजूच्याच शेतकऱ्याला ते हवं होतं. भला माणूस. बोलणी ठरली होती, पेरणीच्या आत खरेदीखत करायचं होतं. बाईला मी सांगितलं नव्हतं. सांगू, सांगू म्हणत राहून गेलं, असं मी बायकोला म्हणायचो. खरं म्हणजे मला सांगायचंच नव्हतं.

आणि एके दिवशी दुपारी बाईच्या फोनवरून नकाशा आला.

बाई फोन वापरायची तो उचलण्यापुरता. तिच्या नंबरावरून आजवर नातवंडांच्या वाढदिवसाचे फोटो सोडून काही आलं नव्हतं. मी चष्मा लावला, उघडलं आणि पहिल्या नजरेत ओळखलं. आमचंच शेत. वरून विमानातून पाहिल्यासारखं दिसतं ना, तो उपग्रहाचा नकाशा होता. फोटो उन्हाळ्यातला होता, जमीन सगळी तपकिरी. डाव्या अंगाला नाला. मधे काळी गोल विहीर. तिच्या वरच्या बाजूला, धुऱ्याजवळ, एक हिरवट काळा ठिपका आणि त्या ठिपक्यावर बरोबर लाल रंगाची खूण टोचलेली. गावाचं नाव कोपऱ्यात अर्धं कापलेलं. खाली काहीच लिहिलेलं नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कोणी तरी हिला सांगितलं. विक्रीची बातमी पोचली. आणि आता ही बया तोंडावर काही न बोलता जमिनीचा नकाशा पाठवून मला आठवण करून देते आहे, की यात माझाही वाटा होता. आजकाल हे फार झालं होतं. वीस-वीस वर्षांनी बहिणी वकील घेऊन उभ्या राहायच्या. ऑफिसात मी अशी भांडणं रोज पाहिली होती. बरं, भांडणात चुकीचंही काही नव्हतं, पण ते दुसऱ्यांच्या घरी होतं तोवर मला तसं वाटायचं.

बायको म्हणाली, "फोन करून विचारा तरी. त्यांचा काही वेगळा विचार असन."

"वेगळा काय असन? लाल खूण कुठं टोचली पाह्य. आपल्या शेतातच!"

मी उत्तर लिहिलं. मौजे अमुक, तालुका मारेगाव, जिल्हा यवतमाळ. गट नंबर. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये. भोगवटादार म्हणून माझं नाव. वर ताज्या सातबाऱ्याचा फोटो जोडला, म्हणजे शंकाच नको. शेवटी एक ओळ लिहिली, "हक्कसोडपत्र नोंदणीकृत आहे." सख्ख्या बहिणीला मी हे लिहिलं. पाठवताना माझा अंगठा जरासुद्धा अडला नाही, हे मला आज सांगताना लाज वाटते.

दोन निळ्या खुणा आल्या. तिनं पाहिलं. संध्याकाळी तिच्याकडून जोडलेले दोन हात आले. बस्स.

"पाह्यलं?" मी बायकोला म्हटलं. "गप्प बसली."



जेठात खरेदीखत झालं. ताबा द्यायला मी स्वतः गेलो. हद्दीचे दगड दाखवले, फीत धरून धुरा आखून दिला. हौसच होती मला त्याची. धुऱ्याच्या मधोमध विहिरीच्या वरचं हिवराचं झाड आडवं येत होतं. हिवर म्हणजे बाभळीच्या जातीचं, पांढुरक्या सालीचं, काटेरी झाड. आमचं चांगलं जुनं होतं. घेणाऱ्यानं विचारलं, "साहेब, याचं काय करू?"

मी म्हटलं, "काढून टाका. धुरा सरळ होते. ट्रॅक्टरले वळायले सोपं पडते."

त्यानं रीतसर परवानगी घेऊन आठवडाभरात जेसीबी लावला. मला फोनवर फोटो पाठवला. धुरा एकदम सरळ दिसत होता. मी त्याला अंगठा पाठवला.

राखीला बाई आली नाही. पाय दुखतात, असं भाच्यानं सांगितलं. मला बरंच वाटलं, तोंड चुकवता आलं. पण भाऊबीजेला भावानं जायचं असतं. बायकोनं ठणकावलं, "या वर्षी नाही गेलात तर पुन्हा जाणंच होणार नाही." मग निघालो. आर्णी ओलांडली, महागाव ओलांडलं. दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला, वेचणीला बाया लागलेल्या, आणि मी मनात भांडणाची तयारी करत चाललेलो. ती असं म्हणाली तर मी असं म्हणेन.

घरी पोचलो. सुनेनं पाट मांडला, ताट केलं. बाई आतून आली ती भिंतीला हात लावत लावत. मला वाटलं, पाय. समोर बसली. कुंकवात बोट बुडवलं आणि माझ्या कपाळाकडे आणलं, तर ते लागलं भुवईच्या खाली, डोळ्याजवळ. मी डोळा मिटला. सुनेनं हळूच तिचा हात धरून वर नेला.

"लागलं का रे डोळ्यात?" बाईनं विचारलं.

"नाही लागलं," मी म्हटलं. "बाई, तुला दिसत नाही?"

"दिसते. कडंकडंचं नाई दिसत. मधातलं बी आता भुरभुर दिसते." ती ताट ओवाळू लागली. ज्योत माझ्या चेहऱ्यासमोरून न जाता खांद्यावरून फिरत होती.

काचबिंदू. दोन वर्षांपासून. यवतमाळला येऊन दाखवून गेली होती, माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर, आणि मला कळवलं नव्हतं. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली औषधानं टिकेल तेवढी टिकेल, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. हे सगळं मला सुनेनं सांगितलं, बाई आत करंज्या आणायला गेली तेव्हा.

आणि मग सून म्हणाली, "मामाजी, राग नका मानू. पण त्यायनं तुमाले त्या फोटोचं विचारलं होतं, तर तुमी सातबारा काहून पाठवला?"

"काय विचारलं होतं? काहीच तर लिहिलं नव्हतं!"

"मी म्हटलं होतं त्याइले, काय विचारायचं ते सांगा, मी लिहून देतो. उन्हाळ्यात दोन दिवस बसून आमी ते शेत शोधलं वो फोनात. ह्या सांगत, गावातून निंगालं का नाल्याचा पूल, मंग विहीर, मंग विहिरीच्या वरतं झाड. मी शोधलं, बोट दाबून खूण लावली, फोटो काढला. म्हटलं, खाली काय लिहू? तर म्हणे, काई नको लिहू. त्याले लिहायची काय गरज? पाह्यल्याबरोबर समजन त्याले. त्याले आन् मलेच मालूम हाय तिथं काय हाय ते."

मी पाटावर बसलो होतो. मला खरोखर काही आठवलं नाही. तिथं काय आहे? विहीर आहे. हिवर होता. मी डोकं खाजवलं. सून माझ्या तोंडाकडे पाहत होती, तिलाही माहीत नव्हतं.

बाई करंज्यांची ताटली घेऊन आली. खाली बसली. मी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "बाई, काय विचारायचं होतं तुले?"

"ते काळं काय हाय, ते," ती म्हणाली. "लाल खुणेखालचं. झाड हाय, का झाडाची सावली हाय, का विहीरच हाय ते मले दिसे ना. हिले म्हटलं तर हिले बी नक्की सांगता ये ना. तुले तर सारं समजते नकाशातलं. म्हटलं, झाड अजून हाय का नाई तेवढं तू सांगशीन. झाड असलं तर म्हटलं बापूले म्हणाव, एकडाव ने मले. दिसते तवापर्यंत."

मग सुनेला म्हणाली, "जरा चहा ठेव." सून उठून गेली. आणि बाई अगदी हळू म्हणाली, "मीठ तूच आणलं होतं न रे बापू."

तेव्हा मला आठवलं.

मी अकरा वर्षांचा होतो. बाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पहिलं बाळंतपण माहेरीच, हा रिवाज आजही आहे. मुलगा झाला. नवव्या दिवशी सकाळी तो हललाच नाही. बारसं व्हायचं होतं. इतकं लहान बाळ जाळत नाहीत, मीठ घालून पुरतात. वडिलांनी त्याला धोतराच्या धडप्यात गुंडाळलं, कुदळ घेतली आणि मला म्हणाले, घरातून खडेमीठ घेऊन ये. मी मिठाची पुडी दोन्ही हातांत धरून त्यांच्या मागे शेतापर्यंत चालत गेलो. हिवराजवळ त्यांनी खड्डा खणला. मी मीठ दिलं. मग आम्ही वर दगड रचले, बाभळीचे काटे टाकले, कुत्री-कोल्ही उकरू नयेत म्हणून. वडील मला म्हणाले, बाईनं विचारलं तर तेवढी जागा सांग, बाकी काही सांगू नको. घरी आल्यावर तिनं विचारलं, मी सांगितलं. सासरी हा विषय कोणी काढायचा नाही असं ठरलं होतं. पुढं तिला दुसरं मूल झालं, सगळं नीट झालं. पण माहेरी आली की ती एकदा तरी विहिरीवर धुणं घेऊन जायची आणि बराच वेळ यायची नाही. आई तिला कधी हाक मारायची नाही.

मला हे सगळं माहीत होतं. तालुक्यातल्या शेकडो शेतांच्या हद्दीचे दगड मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि हे विसरलो. मनात कुठं तरी असेल म्हणावं, तर नव्हतं. साफ पुसलं गेलं होतं.

"बाई," मी म्हटलं, "झाड नाही राह्यलं." आणि गप्प बसता आलं असतं, पण म्हटलं, आता नाही. "शेत विकलं मी. आन् झाड काढा म्हणून मीच सांगितलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणजे तिला माझा चेहरा दिसत होता की नाही कोण जाणे, पण तोंड माझ्याकडे केलं.

"तुले आठवण नव्हती?"

"नव्हती."

ती उठली आणि भिंतीला हात लावत आत गेली. चहा आला तो सुनेच्या हातून. जेवायला बसलो. वाढायला बाईच होती. भाताच्या ताटात वरण ओतताना अर्धं ताटाबाहेर गेलं, तरी सुनेला तिनं हात लावू दिला नाही. मी तसाच जेवलो. ती ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या, वकील आणला असता तर मला सोपं गेलं असतं.

हात धुवायला बाहेर आलो तर ती मागे येऊन उभी राहिली.

"झाड नाई तर नाई," ती म्हणाली. "तू मोजणीवाला हाईस न? मग मोजून दे मले. बरोबर त्या जागी उभी कर."

मी म्हटलं, "करतो."

रात्री मुक्कामाला राहिलो आणि तिच्या फोनातला तो स्क्रीनशॉट स्वतःला पाठवून घेतला. नीट पाहिला, जसा पहिल्याच दिवशी पाहायला पाहिजे होता. उत्तर वर होती. खालच्या कोपऱ्यात मापाची छोटी पट्टी आली होती, वीस मीटरची. काळा गोल होता ती विहीर. काठ कोरल्यासारखा साफ. लाल खुणेखालचं होतं ते झाड. त्याच्या डाव्या अंगाला सावलीची शेपटी होती, म्हणजे फोटो सकाळचा. पहिल्या वर्षाच्या शिकाऊ पोरानंही सांगितलं असतं, बाई, हे झाड आहे. दोन सेकंदांचं काम होतं. तो फोटो कधीचा जुना, कोण जाणे. मी माझ्या फोनवर नकाशा उघडून पाहिला, तर त्यातही झाड तसंच उभं होतं. त्यांचं विमान म्हणा, उपग्रह म्हणा, अजून पुन्हा आमच्या शेतावरून फिरला नव्हता.

लाल खुणेच्या भरवशावर जाऊन चालणार नव्हतं. फोन आपल्याला निळा ठिपका दाखवतो, पण त्याच्या भोवती जो फिका निळा गोल असतो ना, तो म्हणजे "यात कुठं तरी" असं सांगणं असतं. वरून काढलेला फोटोही जमिनीवर चार-दोन मीटर सरकून बसलेला असतो. इतक्या सरकण्यात काय राहील आणि काय निसटेल? पण त्याच फोटोतली विहीर आणि त्याच फोटोतलं झाड यांच्यातलं अंतर सरकत नाही. आणि विहीर अजून जागेवर होती. पट्टीवरून मोजलं. विहिरीच्या मध्यापासून खोडाच्या बुंध्यापर्यंत एकोणतीस मीटर, उत्तरेकडून जरासं उजवीकडे. सावली सोडून मोजलं. तीन वेळा मोजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भाड्याची गाडी केली. बाई, सून आणि मी. बाईनं वाटेत एकदाही विचारलं नाही, कुठवर आलो. करंजी गाव मागे पडलं तेव्हा स्वतःच म्हणाली, "आता हवा बदलली." शेत घेणारा धुऱ्यावर उभा होता. मी त्याला फोनवर खरं काय ते सांगून ठेवलं होतं. त्यानं हात जोडले. "बाईसाहेब, मले मालूम असतं तर हात नसता लावला वो."

"तुमची काय चूक?" बाई म्हणाली. माझ्याबद्दल काही म्हणाली नाही.

कपाशी कमरेपर्यंत होती. सुनेला विहिरीच्या काठाशी फीत धरून उभं केलं, काठापासून मध्यापर्यंतचं माप वजा केलं, फोनमधल्या होकायंत्रावर दिशा धरली आणि ओळींमधून चालत गेलो. फीत जिथं संपली तिथल्या, धुऱ्यालगतच्या पाच-सात पराट्या, म्हणजे कपाशीची झाडं, गुडघ्याएवढीच होती. जेसीबीनं बुंधा उपटला तेव्हा खालचा मुरूम वर आला होता, त्यात कापूस धरला नव्हता. जागा बरोबर निघाली. त्या मुरुमाबरोबर आणखी काय वर आलं असेल, हा विचार माझ्या मनात आला. तो मी कोणालाच सांगितला नाही.

बाईला हाताला धरून आणलं.

"इथं खोड होतं," मी म्हटलं.

"मग इथं नाई." ती विहिरीच्या दिशेला वळली. तिला विहीर दिसत नव्हती, पण वळली बरोबर. दोन पावलं मोजून टाकली आणि खाली बसली. "बाबांनं विहिरीकडल्या अंगाले पुरलं होतं. तूच सांगितलं होतं मले. दोन पावलं."

मी सांगितलं होतं. अकरा वर्षांच्या पोरानं.

तिनं हात जमिनीवर ठेवला. बराच वेळ ठेवला. सून आमच्यापासून दूर जाऊन उभी राहिली, आता तिलाही कळलं होतं. मी बाजूला बसलो आणि रडलो. मोठ्यानं रडलो, लाज नाही वाटली. बाई नाही रडली. ती फक्त एवढंच म्हणाली, "नऊ दिवसांचा होता. नाव बी नव्हतं ठेवलं."

मग काही वेळानं म्हणाली, "तुह्या त्या नकाशात या जागेले काही नाव देता येते का रे? म्हंजे पुन्हा कोणी विसरलं तर सापडन."

"येते," मी म्हटलं. नकाशावर बोट दाबलं, लाल खूण टोचली, हातानं सरकवून ती झाडाच्या बुंध्यापासून विहिरीकडे दोन पावलं आणली. जागा जपून ठेवली की तिला आपल्यापुरतं नाव देता येतं. "काय देऊ?"

तिनं लगेच सांगितलं. जराही विचार करावा लागला नाही. इतकी वर्षं ते नाव तिच्याजवळ होतं आणि आम्ही कोणीच विचारलं नव्हतं. मी ते टाइप केलं. उपग्रहाच्या त्या जुन्या फोटोत, हिवराच्या सावलीशेजारी ते नाव उमटलं. ते इथं लिहीत नाही.

"माह्या फोनात बी दिसन का?" तिनं विचारलं.

तसं दिसत नाही. आपण दिलेलं नाव फक्त आपल्याच फोनात उमटतं. म्हणून मी स्क्रीनशॉट काढला आणि तिला पाठवला. खाली काही लिहिलं नाही.